न दिसणाऱ्या पडद्याकडे बोट: ठाणे खाडीवरील एका व्याख्यानाचा सारांश

ठाण्यातील एका वाचनालयाच्या मासिक पत्रिकेसाठी मी व्याख्यानांचे सारांश लिहितो. पत्रिका ठाण्यात वाटली जाते, तशीच ऐरोली आणि वाशीच्या सभासदांकडेही जाते, आणि ज्यांना कार्यक्रमाला येता आले नाही तेच तिचे मुख्य वाचक असतात. या प्रकरणातील व्याख्यान ठाणे खाडी, तिच्या काठचे कांदळवन आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, यांविषयी होते. वक्ते निवृत्त प्राध्यापक असून त्यांना सगळे सरच म्हणतात. मी त्या दिवशी गावी होतो. हाती आले ते दुसऱ्या रांगेत ठेवलेल्या फोनवरचे सत्तर मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणि एका सभासद ताईंनी त्यावरून टंकलेली, सुमारे आठ हजार शब्दांची संहिता. स्लाइड हाती आल्या नाहीत. त्यांतील नकाशे आणि छायाचित्रे इतरांकडून केवळ भाषणापुरती घेतलेली असल्यामुळे सरांनी त्या कोणालाही द्यायच्या नाहीत असे ठरवले होते. त्यांची ही भूमिका मला योग्यच वाटली. सारांश सहाशे शब्दांचा हवा होता आणि आठ दिवसांत द्यायचा होता.

संहिता एकदा सलग वाचल्यावर जाणवले की सर जवळजवळ दर मिनिटाला पडद्याकडे बोट दाखवत होते. «हे इथे बघा», «हा जो पट्टा आहे», «ही रेघ», «आणि हा आकडा» अशी वाक्ये सभागृहात बसलेल्याला पूर्ण वाटतात, कारण त्यांचा उरलेला अर्धा भाग पडद्यावर असतो. कागदावर मात्र तो अर्धा भाग नाहीसा होतो, आणि वाक्य व्याकरणाने शुद्ध राहिल्यामुळे काही गेले आहे हे पटकन लक्षात येत नाही. ऐकू न आलेल्या शब्दाच्या जागी टंकणारी व्यक्ती टिंबे टाकते, पण न दिसलेल्या चित्राच्या जागी कोणी काहीच टाकत नाही.

म्हणून दुसऱ्या वाचनात मी आशयाला हात न लावता फक्त बोट दाखवण्याच्या जागा पेन्सिलीने अधोरेखित केल्या. अशा त्रेसष्ट जागा निघाल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जागी सरांनी पुढच्याच वाक्यात वस्तूचे नाव घेतलेले होते, तेव्हा तिथे स्लाइड नसल्याने काहीच अडत नव्हते. उरलेल्या जागांवर हे सगळे प्रकरण उभे आहे.

पहिली अडचण संहितेत शिरायच्या आधीच होऊन गेली होती. पहिल्या दहा मिनिटांत अधोरेखित करण्यासारखे फारच थोडे सापडले आणि अकराव्या मिनिटापासून एकदम पूर आला. वक्ता असा मध्येच बदलत नाही, म्हणून ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, «अहो, ते दर वाक्याला ‘हे बघा, हे बघा’ म्हणत होते. सुरुवातीला मी ते गाळलं, मग कंटाळून जसंच्या तसं ठेवलं.» त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. मराठीत «हे बघा» पुष्कळदा केवळ बोलण्याची लकब असते. «हे बघा, खाडी म्हणजे गटार नव्हे» या वाक्यात पाहण्यासारखे काहीही नाही, समोरच्याचे लक्ष वेधण्यापुरताच तो शब्द आला आहे. पण «हे बघा» नंतर क्षणभर शांतता असेल आणि मग «हा काठ», «ही फांदी» असे दर्शक सर्वनामासह नाम आले असेल, तर तिथे खरोखर काहीतरी दाखवले गेले आहे, आणि बहुधा नवी स्लाइड लागली आहे. हा फरक टंकलेल्या अक्षरांत दिसत नाही, ध्वनिमुद्रणात मात्र स्पष्ट ऐकू येतो. पहिली दहा मिनिटे मी पुन्हा ऐकली आणि गाळलेल्या «हे बघा» पैकी ज्यांच्या मागे शांतता होती तेवढेच परत संहितेत लिहिले. त्यावरून स्लाइड कुठे कुठे बदलल्या याचा अंदाज आला, आणि «आधीच्या चित्रात पाहिलं तसं» या वाक्यातील आधीचे चित्र कोणते हे ठरवता आले.

आता मुख्य जागा. एकोणिसाव्या मिनिटाला एक आलेख लागतो. ताईंच्या संहितेत मजकूर असा होता:

«आता ही लाल रेघ बघा, कशी वर चढत गेली आहे. आणि ही निळी. तिचे नेमके उलट. हे वाढले म्हणून आपण खूश होतो, पण ती आटत चालली आहे त्याचे काय? पाखरे खाणार कुठे?»

कोणती रेघ कशाची, हे या पाच वाक्यांत कुठेही नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते: «खाडीकाठच्या वसाहती वाढत असून कांदळवन घटत आहे, त्यामुळे पक्ष्यांचे खाद्यक्षेत्र कमी होत असल्याचे वक्त्यांनी आलेखाद्वारे दाखवले.» लिहिताना मला यत्किंचितही शंका आली नव्हती. कांदळवन घटते आहे हे आपण इतक्या वेळा वाचलेले असते की घसरणारी रेघ दिसली, किंवा नुसती ऐकू आली, की ती कांदळवनाचीच असणार असे मन ठरवून टाकते. शिवाय «हे वाढले» यातील «हे» मला अनेकवचनी वाटले, हे मनोरे, हे प्रकल्प, अशा अर्थाने. वाक्य जुळले आणि मी पुढे गेलो.

मसुदा दुसऱ्या दिवशी वाचताना «ती आटत चालली आहे» यापाशी अडखळलो. कांदळवन नपुंसकलिंगी आहे. त्याविषयी बोलताना सरांनी «ते» म्हटले असते. «ती» हे नपुंसकलिंगी अनेकवचनही असू शकते, ती झाडे या अर्थाने, पण मग पुढे «चालली आहेत» हवे होते. ध्वनिमुद्रण लावले. सर «चाललीये» म्हणतात, «चाललीयेत» नाही. म्हणजे आटणारी वस्तू एकवचनी आणि स्त्रीलिंगी आहे. रेघही स्त्रीलिंगीच, पण रेघ आटत नाही. आटते ती खाडी, किंवा दलदल.

त्याच जागी आणखी एक गोष्ट ऐकू आली. सर «हे वाढलं» म्हणाले होते. ताईंनी संहिता नीटनेटकी करताना बोलीतील «वाढलं» चे प्रमाण लेखनातील «वाढले» केले होते. बोलताना «प्रकल्प वाढले» आणि «कांदळवन वाढलं» यांत एकवचन आणि अनेकवचन कानाला वेगळे कळते. प्रमाण लेखनात दोन्हींचे «वाढले» होते आणि तो भेद पुसला जातो. एरवी याने काही बिघडत नाही, कारण कर्ता वाक्यातच असतो. इथे कर्ता पडद्यावर होता आणि त्याच्याविषयीची एकमेव खूण एका अनुस्वारात शिल्लक होती. भाषण लिहून काढणाऱ्यांना माझे तेव्हापासून आग्रहाचे सांगणे असते की सारांशासाठी संहिता देताना बोलीची रूपे बदलू नयेत, शुद्धलेखन सारांश लिहिणारा पाहून घेईल.

इतके होऊनही प्रश्न सुटला नव्हता. वाढणारी वस्तू नपुंसकलिंगी एकवचनी आहे एवढे कळले, पण कांदळवन जसे नपुंसकलिंगी तसेच बांधकामही. व्याकरण चुकीचा पर्याय बाद करू शकते, उरलेल्यांतून बरोबर पर्याय निवडून देईलच असे नाही. त्यासाठी भाषणातच दुसरा आधार शोधायला हवा होता, आणि तो एकसष्टाव्या मिनिटाला, प्रश्नोत्तरांत सापडला. कोणीतरी विचारते, «सर, मग कांदळवन लावायचं की नाही?» सर उत्तर देतात, «जिथं मुळात होतं तिथं ते जपायचंच. पण मघाच्या त्या लाल रेघेसाठी उघडी दलदल अडवून रोपं लावायची नाहीत.» लाल रेघ म्हणजे कांदळवन, निळी म्हणजे उघडी दलदल. माझ्या मसुद्यातील विधान नेमके उलटे होते.

उलटे झाले ते केवळ एका तपशिलात नाही, तर सरांच्या संपूर्ण मांडणीत. त्यांचे म्हणणे असे होते की खाडीच्या त्या भागात गाळ साचून तळ वर येतो, वर आलेल्या चिखलात तिवराची रोपे रुजतात, मुळांत आणखी गाळ अडकतो आणि कांदळवन पाण्याच्या दिशेने सरकते. ही हिरवी वाढ दिसायला चांगली असली तरी रोहित पक्षी ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात आणि उघड्या चिखलात चरतात, झाडांच्या दाटीत चरत नाहीत. कांदळवनाची तोड हा एक प्रश्न आणि त्याने चिखल व्यापणे हा दुसरा, दोन्ही एकाच खाडीत निरनिराळ्या जागी असू शकतात, आणि सर त्या दिवशी दुसऱ्याविषयी बोलत होते. «पाखरं खाणार कुठे» हे वाक्य आधीपासून समोर होतेच. पक्ष्यांचे चरणे ठाऊक असलेल्याला त्या एका वाक्यावरूनही शंका यायला हवी होती.

प्रश्नोत्तरांचा भाग सारांशात सहसा घेतला जात नाही, म्हणून पुष्कळ जण तो वाचतही नाहीत. स्लाइड नसलेल्या संहितेत मात्र मी आता तो सर्वांत आधी वाचतो. प्रश्न विचारणारा खुर्चीत बसलेला असतो, त्याला पडद्याकडे बोट दाखवता येत नाही. त्यामुळे तो वस्तूला नावाने संबोधतो आणि उत्तर देणाऱ्यालाही तसेच करावे लागते.

दुसरी जागा आकड्याची. बत्तिसाव्या मिनिटाला सर म्हणतात, «आणि हा आकडा बघून ठेवा. आपल्या खाडीचं केवढं क्षेत्र मान्य झालंय ते कळेल.» आकडा तोंडाने उच्चारलेला नाही. ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे 16.9 चौरस किलोमीटर आहे हे मला पाठ होते, म्हणून हात तोच आकडा लिहायला निघाला. पण या खाडीची दोन क्षेत्रे कागदोपत्री आहेत. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तेव्हा नोंदलेले क्षेत्र सुमारे 6,521 हेक्टर, म्हणजे 65 चौरस किलोमीटरच्या थोडे वर आहे, आणि अभयारण्य त्याच्या आत येते. पडद्यावर यांपैकी कोणते होते?

सरांच्याच बोलण्यात त्याची पडताळणी मिळाली. तीन वाक्यांनंतर ते म्हणतात, «अभयारण्य याच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढं आहे.» 16.9 ला 65.2 ने भागले तर 0.26 येते. हिशेब बसतो, म्हणजे दाखवलेला आकडा रामसर क्षेत्राचाच. तरीही तो मी सरांच्या तोंडी घातला नाही. सारांशात लिहिले: «रामसर स्थळ म्हणून मान्य झालेल्या क्षेत्राच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढेच अभयारण्य आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले», आणि त्यापुढे चौकोनी कंसात, संपादकीय भर आहे हे दिसेल अशा रीतीने, दोन्ही क्षेत्रे दिली. वक्त्याने जे प्रमाण उच्चारले ते वक्त्याचे, आणि मी बाहेरून आणलेला आकडा माझा, ही सीमा वाचकाला दिसली पाहिजे. पुढेमागे आकडा चुकीचा ठरला तर दोष सरांकडे जाता कामा नये.

नकाशाची जागा त्या मानाने सोपी गेली. «डावीकडे आपण, उजवीकडे ऐरोली» या वाक्यावरून नकाशा उत्तर वर ठेवूनच लावलेला होता हे कळते, कारण ठाणे शहर खाडीच्या पश्चिमेला आणि ऐरोली पूर्वेला आहे. मग «वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत» म्हणजे उत्तरेच्या पुलापासून दक्षिणेच्या पुलापर्यंत. खालचा वाशीचा, हे त्यांनी नाव घेऊन सांगितले होते. वरचा कळव्याचा समजण्याची चूक होऊ शकली असती, पण «मुलुंडवरून येतो तो» एवढे शब्द मध्ये होते, तेव्हा तो ऐरोलीचाच. एक बारीक दुरुस्ती मात्र करावी लागली. «आपण» आणि «आपल्या बाजूला» हे शब्द ठाण्याच्या सभागृहात बरोबर होते, पण ऐरोलीच्या सभासदाला ते वाचताना खाडीची बाजूच बदलली असती. सगळीकडे पश्चिम काठ आणि पूर्व काठ असे केले. नकाशावर बोट फिरवत म्हटलेले «इथून इथपर्यंत गाळ जास्त» हे वाक्य मात्र कशानेही सुटले नाही, आणि ते सोडून दिले.

छायाचित्रात लहान रोहित आणि मोठा रोहित शेजारी शेजारी दाखवले होते. «चोच बघा म्हणजे कळेल» यापलीकडे सर काही बोलले नाहीत. चोचींचे रंग पुस्तकातून घेऊन लिहिता आले असते, पण सारांश भाषणाचा आहे, पक्षिओळखीचा नाही. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगतो आणि मोठा चिखलातले बारीक जीव टिपतो, हे सर तोंडाने बोलले होते. तेवढे घेतले.

लिहिताना भाषेचा एक निर्णय सगळीकडे पाळला. «वक्त्यांनी एक आलेख दाखवला» असे वाक्य कुठेही ठेवले नाही. आलेख दाखवला हे कळून न आलेल्या सभासदाला काही मिळत नाही, उलट आपल्याला न दिसलेल्या गोष्टीची चुटपुट तेवढी लागते. आलेखातून सरांनी काय म्हटले ते हवे. आलेखाचे वाक्य अखेर असे झाले: «खाडीच्या या भागात कांदळवन वाढत गेले आहे आणि त्याच वेळी उघडी दलदल कमी होत गेली आहे, असे सांगून त्यांनी रोहित पक्ष्यांच्या चरण्याच्या जागेविषयी चिंता व्यक्त केली.» याच्या आरंभी मी «गेल्या काही दशकांत» असे लिहिले होते. ते शब्द कुठून आले हे शोधायला संहिता पुन्हा पाहिली, तर काळाचा उल्लेखच नव्हता, नुसते «या टोकापासून त्या टोकापर्यंत» होते. आलेख म्हटला की दशके असणार असे मीच धरून चाललो होतो. शब्द काढले.

सातव्या दिवशी सरांना फोन केला. ते मुलीकडे गेले होते आणि संगणक जवळ नव्हता, हे माहीत असल्यामुळे «स्लाइडमध्ये काय होतं» असे मोघम न विचारता, हो किंवा नाही एवढेच उत्तर पुरेल असे तीन प्रश्न काढून ठेवले होते, आणि प्रत्येकाआधी त्यांचे स्वतःचे वाक्य वाचून दाखवले.

«लाल रेघ कांदळवनाची, बरोबर ना सर?»

«बरोबर. आणि निळी दलदलीची. हे उलटं छापू नका हं, लोक उलटंच समजतात.»

रामसरच्या आकड्याला त्यांनी होकार दिला. तिसरा प्रश्न सत्तेचाळिसाव्या मिनिटाच्या एका तक्त्याविषयी होता. तिथे ते म्हणतात, «हा त्याच्या दुप्पट आहे, आणि हे मी स्वतः मोजलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.» दुप्पट असलेली वस्तू पुल्लिंगी आहे यापुढे मी पोचू शकलो नव्हतो. थवा, पट्टा, आकडा, काहीही असू शकत होते, आणि प्रश्नोत्तरांतही तिचा पुन्हा उल्लेख नव्हता. सरांनी बराच वेळ आठवून पाहिले.

«थवा म्हणालो असेन. नाहीतर आकडा. तक्ता समोर असल्याशिवाय सांगता येणार नाही. तुम्ही काय लिहिलंय?»

«काहीच नाही. जागा रिकामी ठेवली आहे.»

«मग रिकामीच राहू दे. मी मोजलेलं नव्हतंच ते.»

सारांश पाचशे ऐंशी शब्दांचा छापून आला. सत्तेचाळिसावे मिनिट त्यात नाही.